पाण्याखालचा ऊस रडारला कधी दिसतो: शिरोळच्या शिवारातल्या नोंदी

१८ जून

शिरोळ तालुक्याचं काम हातात आलंय. पुरात कोणती शेतं बुडाली ते पाणी उतरायच्या आत सांगायचं. पंचनामे नंतर होतातच, पण तोवर कडेची पाण्याची खूण पावसाने धुऊन गेलेली असते आणि वाद सुरू होतात.

साध्या प्रकाशात फोटो काढणारा सेंटिनेल-२ हा उपग्रह इथे पावसाळ्यात जवळजवळ बिनकामाचा. तो पाच दिवसांनी येतो, पण येतो तेव्हा खाली ढगच. मागच्या काही वर्षांच्या जुलै-ऑगस्टच्या प्रतिमा चाळल्या. पांढरा कापूस, कुठेतरी एक भोक, आणि त्या भोकातून दिसणारं शिवार हमखास आपल्याला नको असलेलं. म्हणून सेंटिनेल-१. हा स्वतः रडारची लहर सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. लहर साधारण साडेपाच सेंटीमीटरची, ढगातून आरपार जाणारी. अंधार असो, ढग असोत, त्याला फरक पडत नाही.

पाणी ओळखायचं तत्त्व एका वाक्यात मावतं. उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे संथ पाण्यावर पडलेली लहर आरशासारखी पलीकडे निघून जाते, परत येत नाही, आणि ती जागा काळी दिसते. खडबडीत जमीन, झाडं, पिकं लहर चहूकडे उधळतात. त्यातली थोडी परत येते, ती जागा करडी दिसते.

आज फक्त कक्षा ठरवली. एकाच जागेवर उपग्रह वेगवेगळ्या कक्षांतून येतो आणि प्रत्येक वेळी बघण्याचा कोन वेगळा असतो. दोन कक्षांतल्या प्रतिमांची वजाबाकी केली तर पूर नसतानाही पूर दिसतो. म्हणून कक्षेचा क्रमांक एकदाच पक्का केला:

```javascript
var s1 = ee.ImageCollection('COPERNICUS/S1_GRD')
  .filterBounds(shirol)
  .filter(ee.Filter.eq('instrumentMode', 'IW'))
  .filter(ee.Filter.eq('relativeOrbitNumber_start', orb))
  .select(['VV', 'VH']);
```

एक उपग्रह, एक कक्षा, म्हणजे बारा दिवसांनी एक फेरी. आपल्या फेऱ्या पडतात २२ जून, ४ जुलै, १६ जुलै, २८ जुलै आणि ९ ऑगस्टला, सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास. पूर बारा दिवसांचं वेळापत्रक बघून येत नाही, हे माहीत आहे. पण शिरोळचं एक वेगळेपण आपल्या बाजूचं आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा फुगली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. ते मागे फुगतं, शेतात पसरतं आणि दिवसेंदिवस तिथेच बसतं. २०१९ ला आठवडा उलटला तरी पाणी हललं नव्हतं. गावांसाठी वाईट, उपग्रहासाठी सोयीचं.

५ जुलै

तुलनेसाठी "आधीची" प्रतिमा कोणती घ्यायची यावर आज दिवस गेला. सहकाऱ्याने मे महिन्यातली घेतली होती, कारण ती स्वच्छ वाटते. मी ती काढून टाकली. मेमध्ये जमीन कोरडी असते. पहिला पाऊस झाला की ओल्या मातीतून प्रतिध्वनी दोन-तीन डेसिबेल वाढतो. म्हणजे मेच्या तुलनेत जुलैचं सगळं शिवार उजळलेलं दिसणार, आणि थोडंसं पाणी साचलेली जागा त्या उजेडाच्या आड "बदल नाही" म्हणून सुटणार. त्यात मे ते जुलै ऊस हात-दीड हात वाढलेला असतो, तो बदल वेगळाच.

म्हणून २२ जून आणि ४ जुलै या दोन प्रतिमांची सरासरी घेतली. पाऊस झालेला, नदी अजून पात्रात.

१७ जुलै

कालच्या प्रतिमेवर उत्साहाने अख्ख्या जिल्ह्यात वजाबाकीचं सूत्र चालवून पाहिलं, आणि गगनबावड्यात पूर आला! पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, सगळीकडे काळे ठिपके. डोंगराच्या उतारावर पूर कसला? भाताची खाचरं. चिखलणी करून रोप लावलं की आठ-दहा दिवस खाचरात पाणी उभं असतं आणि रोपं इतकी बारीक असतात की रडारला त्यांचा पत्ता लागत नाही. त्याच्या दृष्टीने ते उघडं पाणीच आहे, आणि तो खोटं बोलत नाहीये. पाणी आहेच. फक्त ते शेतकऱ्याने स्वतः अडवलेलं आहे.

इथे सूत्र सुधारून उपयोग नाही. नदीच्या पात्रापासून शेत किती उंच आहे हा थर लावला आणि ठरावीक उंचीवरचं सगळं गाळलं. खाचरं गेली. त्याबरोबर पश्चिमेच्या डोंगरांच्या रडारसावल्याही गेल्या. कड्याच्या पलीकडच्या बाजूला लहर पोचतच नाही आणि तीही जागा पाण्यासारखीच काळीभोर दिसते. उजळाईवाडीची धावपट्टीही "पाणी" म्हणून येत होती, गुळगुळीत डांबर असल्यामुळे. ती आधीच्या प्रतिमेतही काळीच असते, त्यामुळे वजाबाकीत आपोआप निघून गेली.

शिरोळपुरतं बोलायचं तर भात हा प्रश्न फारसा नाही. इथे ऊस, ऊस आणि थोडं सोयाबीन.

२५ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. इशारा पातळी ३९ ची, ती परवाच गेली होती. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाल्याचा निरोप आला. पाणी मंदिरात उत्तरेकडून शिरून दत्तपादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडलं की तो होतो. भाविकांसाठी स्नानाचं पर्व, आमच्यासाठी मापाची पट्टी. दक्षिणद्वार झालं म्हणजे मळीच्या रानात पाणी शिरलंय, असं इथले लोक न बघता सांगतात.

फेरी २८ ला. तीन दिवस हातावर हात.

२८ जुलै

प्रतिमा दुपारी मिळाली. नकाशा काढला आणि सरळ पाठवणार होते, पण कुरुंदवाडजवळची एक कड खटकली. पूररेषा जिथे असायला हवी तिथे अर्धवट करड्या रंगाचा रुंद पट्टा होता, म्हणजे ना पाणी ना जमीन. दोन तास गेले आणि चूक माझीच निघाली.

रडारच्या प्रतिमेत मीठ-मिरी टाकल्यासारखे दाणे असतात. ते घालवायला शेजारच्या चौकटींची, म्हणजे पिक्सेलची, सरासरी घेतात. गुगलच्या अर्थ इंजिनमध्ये ही प्रतिमा आधीच डेसिबेलमध्ये येते आणि मी डेसिबेलचीच सरासरी घेतली. डेसिबेल हे लॉगरिदमचं माप आहे, त्याची सरासरी अशी घेता येत नाही. कागदावर करून पाहिलं: एक चौकट पाण्याची, उणे २०, शेजारची उसाची, उणे ८. डेसिबेलची सरासरी उणे १४. पण खऱ्या ताकदीत बघितलं तर ०.०१ आणि ०.१५८, सरासरी ०.०८४, म्हणजे जवळजवळ उणे १०.७. तीन डेसिबेलहून जास्त तफावत, आणि तीही नेमकी कडेवर, जिथे वाद होणार आहेत.

```javascript
var lin = ee.Image(10).pow(db.divide(10));
var out = lin.focalMean(30, 'circle', 'meters')
             .log10().multiply(10);
```

आधी साध्या मापात आणायचं, मग सरासरी, मग परत डेसिबेल. कड आवळली.

नंतर किती चौकटींचा प्रतिध्वनी किती याचा आलेख काढला. VV मध्ये, म्हणजे उभी सोडलेली लहर उभीच परत आलेली मोजतात त्या मापात, दोन उंचवटे स्पष्ट दिसतात. पाण्याचा उणे १८ च्या आसपास, जमिनीचा उणे ९ च्या. मधली दरी उणे १५ ला. "VV उणे १५ पेक्षा कमी, आणि आधीच्यापेक्षा निदान ४ डेसिबेलने उतरलेलं" असा नियम ठेवला. दुसरी अट नसती तर नदीचं नेहमीचं पात्र आणि गावतळीही पुरात मोजली गेली असती.

औरवाडच्या बाजूला मोठ्या पाण्याच्या मध्यभागी "जमिनीचं" बेट उगवलंय. वारा. पाण्यावर लाटा उठल्या की आरसा मोडतो आणि VV मध्ये पाणी करडं दिसतं. VH मध्ये, म्हणजे उभी सोडलेली लहर आडवी होऊन परत आलेली मोजतात तिथे, तेच पाणी काळं आहे, त्यामुळे त्या जागी VH वर विश्वास ठेवला. सगळीकडे VH का वापरत नाही? कारण त्यात पाण्याचा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की तो उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटाला टेकतो.

२९ जुलै

नकाशा काल रात्री पाठवला. सकाळी सात वाजता अण्णांचा फोन. त्यांचं रान कुरुंदवाडच्या खालच्या अंगाला, दरवर्षी पाण्यात जाणारं.

"ताई, तुमच्या नकाशात माझं रान कोरडं दाखवलंय म्हणं."

"किती पाणी आहे अण्णा?"

"पाणी? मी नावंतनं बोलतोय!"

प्रतिमा परत उघडली. अण्णांचा आडसाली ऊस, मागच्या पावसाळ्यातली लागण, बारा महिन्यांचा. पुराआधी VV उणे ८, काल सकाळी उणे ७.८. रडारच्या लेखी तिथे काहीही घडलेलं नाही. सगळीकडे काळं पाणी आणि मधोमध हा कोरडा चौकोन. अशा चौकोनांनी अख्खं शिवार भरलेलं आहे. मी त्यांना उंचवटे समजत होते.

साडेपाच सेंटीमीटरची लहर उसाच्या पानांच्या रुंदीइतकीच. दाट, तीन मीटर उंच उसात ती वरच्या पाल्यातच अडकते आणि तिथूनच परत फिरते. खाली कोरडी माती आहे, चिखल आहे की पुरुषभर पाणी आहे, याचा तिला पत्ताच नाही. ढगाआडचं बघायला रडार आणलं आणि ते पाल्याआड अडकलं.

काळ्या भागाच्या कडेने काही शेतांना मात्र पांढरी किनार आहे, आधीपेक्षा तीन-चार डेसिबेलने उजळ. पीक विरळ असेल आणि खाली पाणी असेल तर लहर पाण्यावर आपटून उभ्या खोडावर जाते आणि तिथून थेट उपग्रहाकडे परतते. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात चेंडू टाकला की तो आपल्याकडेच येतो, तसं. म्हणजे उजळलेलं शेतही पाण्यातलं असू शकतं. माझा नियम फक्त काळं शोधतो.

दुपारी वरून विचारणा आली: "एकूण किती हेक्टर?" आज आकडा देणार नाही असं कळवलं. आवाजावरून ते आवडलं नाही.

४ ऑगस्ट

पाणी उतरलं. अण्णांबरोबर रानात. चिखल पोटरीपर्यंत, चप्पल पहिल्या दहा पावलांत गेली. बरोबर पोलादी फीत आणि अण्णांचा विळा.

तीन शेतं बघितली, एकमेकांना लागून.

पहिलं अण्णांचं आडसाली. खोडांवर गाळाची रेघ इतकी सरळ की सुतार आखेल. जमिनीपासून २.१ मीटर. शेंडा तिच्यावर हातभर. वरचा पाला हिरवा. अण्णांनी एक शेंडा विळ्याने उभा चिरला, आतला पोंगा पांढराशुभ्र, कुरकुरीत. "ह्यो जगला," म्हणाले. "वजनाला मार खाईल, पर जगला."

दुसरं त्यांच्या भावाचं, फेब्रुवारीतली सुरू लागण. ऊस जेमतेम दीड मीटर, पूर्ण बुडालेला. शेंड्यापर्यंत सगळं मातीच्या रंगाचं. पोंगा चिरला तर आत गाळ, आणि आंबूस वास. बोटाने ओढल्यावर पोंगा उपसून हातात आला. हे शेत नकाशात काळं होतं, VV उणे १७.

बांधावर उभी असताना लक्षात आलं. इथला शेतकरी ऊस बुडाला की नाही हे पायाकडे बघून ठरवतच नाही, शेंड्याकडे बघून ठरवतो. पोंग्यात गाळ गेला की वाढणारा कोंब कुजतो, मग बाजूचे डोळे फुटतात आणि ऊस संपतो. आणि रडारही शेंड्याकडेच बघतं. शेंडा पाण्याबाहेर असेल तर त्याला ऊस दिसतो, शेंडा पाण्याखाली गेला की पाणी दिसतं. म्हणजे माझा नकाशा "पाणी कुठे शिरलं" हे सांगण्यात चुकलाय, पण "ऊस कुठे मेला" हे सांगण्यात बराच बरोबर असू शकतो. हे दोन वेगळे नकाशे आहेत आणि मी त्यांना एकच नाव दिलं होतं.

तिसऱ्या शेताने मात्र लगेच कान पिळला. पूर्वहंगामी लागण, ऊस सव्वादोन मीटर, नकाशात कोरडा. पण शेंड्यांवर गाळ. चिरला, आत कुजका. अण्णांना विचारलं, पाणी चढतं असताना सगळ्यात वर कधी होतं? "सव्वीसच्या रातीला. अठ्ठावीसला तीन फूट खाली आलतं." त्यांनी विजेच्या खांबावर खडूने रोजची रेघ मारून ठेवली होती. फितीने मोजली, तीन फूट दोन इंच. उपग्रह आला तेव्हा शेंडे पुन्हा वर आलेले होते. दीड दिवस ते पाण्याखाली होते हे त्याला कळायला मार्ग नाही.

६ ऑगस्ट

तिसऱ्या शेताचं काय करायचं?

पहिला विचार आला तो उंचीच्या नकाशाचा. २८ च्या पाण्याची कड कुठल्या उंचीवर आहे ते काढायचं, त्यात तीन फूट मिळवायचे, आणि शिखरावर पाणी कुठवर होतं ते मांडायचं. कोपर्निकसचा ३० मीटरचा उंचीनकाशा उतरवला. उपयोग नाही. त्याची चूकच काही मीटरची असू शकते, आणि आपला सगळा प्रश्न मीटरभराचा आहे. शिवाय तो नकाशाही रडारनेच बनवलेला, त्याहून आखूड लहरीच्या. म्हणजे ज्या शेतात तेव्हा ऊस उभा होता तिथे त्याने जमिनीची नव्हे, उसाची उंची धरलेली. दोन शेजारच्या सपाट शेतांत दोन मीटरची पायरी दिसली तेव्हा आधी हसू आलं.

शेवटी साधा मार्ग धरला. उंचीचा नकाशा बाजूला ठेवून लागणीची नोंद घेतली: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. त्यावरून जुलैअखेरचा उसाचा अंदाजे वाढीचा टप्पा कळतो. काळ्या भागाला किंवा पांढऱ्या किनारीला लागून असलेलं, नकाशात कोरडं, पण आडसालीपेक्षा लहान असं प्रत्येक ऊसशेत "संशयित" म्हणून वेगळं काढलं. ती जागेवर जाऊनच बघायची.

लहान शेतांचा हिशोबही आज मिटवला. चौकट १० मीटरची दिसते म्हणून एकरात चाळीस चौकटी आहेत असं वाटतं. पण उपकरणाला खरोखर वेगळं दिसतं ते साधारण २० बाय २२ मीटर. म्हणजे एकरात नऊ स्वतंत्र मापं, आणि दहा गुंठ्यांत दोन-अडीच. दाणेदार प्रतिमेत दोन मापांवरून कुणाचं पीक बुडालं हे ठरवणार नाही. वीस गुंठ्यांखालची शेतं नकाशात राखाडी ठेवली.

१० ऑगस्ट

कालची फेरी. पाणी पात्रात गेलेलं, सखल भागात डबकी. भावाचं सुरूचं शेत उणे १७ वरून उणे ११ वर आलंय, पण पुराआधीच्या उणे ८ ला पोचलेलं नाही. ऊस उभा असता तर पोचला असता. तो आडवा, चिखलात चिकटलेला आहे. अण्णांचं जिथे होतं तिथेच. तिसरं उणे ८.५. पाला वाळायला अजून सुरुवात झालेली नाही आणि रडारला तो जिवंतच वाटतो.

९ सप्टेंबर

दीड महिन्यात पहिल्यांदा सेंटिनेल-२ ची बऱ्यापैकी स्वच्छ प्रतिमा. कुरुंदवाडवर एकही ढग नाही.

अण्णांचं शेत हिरवं. भावाचं तपकिरी. तिसरं पिवळट तपकिरी, मधे हिरव्या रेषा. अण्णांना फोन केला, त्या रेषा म्हणजे बाजूच्या डोळ्यांतून फुटलेले कोंब. ते शेत मोडणार आहेत.

"संशयित" शेतांत बरीच हिरवी निघाली, काही मेलेली. पट्टा रुंद धरला होता तो योग्यच झाला. नकाशात कोरडं म्हणून सोडून दिलं असतं तर ती मेलेली शेतं हातची गेली असती. दुसऱ्या बाजूने, काळ्या दाखवलेल्या शेतांत दोन ठिकाणी सप्टेंबरमध्ये हिरवळ होती. पाठपुरावा केला, दोन्ही सोयाबीनची. पीक वाहून गेलं, त्यावर तण उगवलं. हिरवेपणा मोजणाऱ्या वनस्पती निर्देशांकाला तण आणि पीक सारखंच.

नकाशाची सूची बदलली. "पूरबाधित क्षेत्र" हे शीर्षक काढलं. आता चार रंग: फेरीच्या वेळी उघडं पाणी; पिकाखाली पाणी, म्हणजे ती पांढरी किनार; संशयित, म्हणजे जागेवर पाहणी हवी; आणि न ठरवता आलेलं. "कोरडं" हा शब्द नकाशावर कुठेच ठेवला नाही. खाली एक ओळ छापली: प्रतिमा २८ जुलै सकाळची, कमाल पाणी २६ च्या रात्री.

११ सप्टेंबर

पुढच्या वर्षासाठी दोन कामं. निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला सोडला, त्याच्या एका रडारची लहर २४ सेंटीमीटरची. ती पाल्यातून खाली खोडापर्यंत आणि पाण्यापर्यंत पोचायला हवी, म्हणजे अण्णांचा आडसाली ऊस पांढऱ्या किनारीसारखा उजळायला हवा. याच तीन शेतांवर तपासायचं. तोही बारा दिवसांनीच येतो, त्यामुळे तिसऱ्या शेताचा प्रश्न तसाच राहणार.

दुसरं काम स्वस्तातलं. अण्णांनी खांबावर मारल्या तशा रेघा दहा गावांत रंगवून घ्यायच्या, फुटांच्या आकड्यांसकट, आणि पूर चढता असताना रोज सकाळी कुणीतरी फोटो पाठवायचा. रंग कुठला वापरायचा हे अण्णांना विचारलं. म्हणाले, "डांबर. खडू माझा निम्मा धुवून गेलता, तुमास्नी सांगितलं न्हाई."

म्हणजे तीन फूट दोन इंचांतले दोन इंच खोडावे लागतील.